सहकारी वारंवार हातउसने पैसे मागते. संबंध न बिघडवता नकार कसा द्यावा?

मृण्मयी_क

माझ्या विभागात शेजारच्याच टेबलावर बसणारी एक सहकारी बऱ्याच काळापासून माझ्याकडे हातउसने पैसे मागत आहे. रक्कम दर वेळी लहान असते, कधी पाचशे, कधी सातशे, फार तर हजार, आणि मागण्याची वेळही जवळजवळ ठरलेली असते. महिनाअखेर जवळ आली की संध्याकाळी आम्ही सामान आवरून निघत असताना ती आवाज खाली आणून विचारते, "अगं, पाचशे असतील का तुझ्याकडे? पगार झाला की लगेच देते." त्या क्षणी माझी पर्स हातात असते, मागे दोघेतिघे उभे असतात, आणि मी पैसे देऊन मोकळी होते.

ती पैसे बुडवणारी नाही, हे आधीच स्पष्ट करते. पगार झाल्यावर ती बहुतेक रक्कम परत करते, परंतु थोडी मागे राहते आणि पुढच्या महिन्यात मागणीची तारीख थोडी अलीकडे सरकते. पूर्वी पंचवीस तारखेनंतर येणारी मागणी आता अठरा-वीस तारखेलाच येऊ लागली आहे. आज तिच्याकडून मला साडेतीन हजार येणे आहे.

ही रक्कम गेली तरी माझे फारसे अडणार नाही. मला खटकते ते वेगळेच आहे. आम्ही दोघी एकमेकींच्या नोंदी तपासतो, आणि तिच्या नोंदीत चूक सापडली की ती दाखवण्यापूर्वी मी आता थबकते, कारण पैसे थकल्याचा राग मी कामावर काढते आहे असे तिला वाटेल, ही धास्ती असते. तिच्या बाजूनेही काही बदलले आहे. पगार झाल्यावर दोन-तीन दिवस ती माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलते. पैसे देऊनही आमच्यात हा अवघडलेपणा आलाच आहे, म्हणून आता देणे थांबवावे असे ठरवले आहे. हे कोणत्या शब्दांत आणि केव्हा सांगावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

स्पष्टवक्ता

यात इतका विचार करण्याजोगे काही नाही. पुढच्या वेळी तिने मागितले की "सध्या माझ्याकडेच नाहीत, या महिन्यात माझीही ओढाताण आहे" एवढे सांगावे. पैसे नसलेल्या माणसावर कोणी रागावत नाही, त्यामुळे संबंधही शाबूत राहतात. दोन-तीन वेळा असे ऐकले की माणूस आपोआप दुसरीकडे वळतो. कोणतेही स्पष्टीकरण लांबवू नये, हे मात्र पाळावे; जितके कमी बोलाल तितका वाद कमी.

वेतनपत्रक

मी पगारपत्रके तयार करण्याच्या कामात बरीच वर्षे आहे आणि महिनाअखेरची उसनवारी जवळून पाहत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मृण्मयीताई, तारीख अलीकडे सरकते आहे हे आपण नोंदवले, आणि सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तेच आहे. समजा एखाद्याचा खर्च पगारापेक्षा हजाराने जास्त होतो आणि तो महिनाअखेरीस हजार उसने घेतो. पगार झाला की तो हजार परत करतो. म्हणजे नवा महिना सुरू होतानाच त्याच्या हातात हजार कमी असतात, आणि खर्च पुन्हा पूर्वीइतकाच असेल तर या महिन्याची तूट दोन हजारांची होते. ती भागवायला तो जास्त रक्कम मागतो किंवा लवकर मागतो. एकाकडून पुरेसे मिळत नसेल तर दोघांकडून घेतो. थोडी रक्कम मागे ठेवून उरलेली परत करणे हाही याच गणिताचा भाग आहे. सगळी परत केली तर दहा तारखेलाच हात रिकामा होईल. उसने पैसे ती तूट भरून काढत नाहीत, फक्त पुढच्या महिन्यात ढकलतात, आणि ढकलताना ती वाढते. त्यामुळे आपण देत राहिलात तर एक दिवस मागणी आपोआप थांबेल, असे या व्यवहारात होत नाही. खर्च कमी होणे, उत्पन्न वाढणे किंवा देणाऱ्याने थांबणे, यांपैकी काहीतरी घडावे लागते.

दुसरे म्हणजे, ज्याची तूट एकदाच पडली, उदाहरणार्थ एखादे अचानक आलेले आजारपण, त्याची मागणी अशी दिसत नाही. तो एकदा मोठी रक्कम मागतो, कारण सांगतो, आणि परतफेड झाली की पुन्हा येत नाही. आपल्या सहकारीची तूट दरमहाची आहे. तिला तोंड देण्याची साधने शेजारच्या टेबलावर नसतात. बहुतेक मोठ्या कार्यालयांत पगारावर उचल मिळण्याची काही ना काही सोय असते आणि तिची कपात काही महिन्यांत विभागून करता येते. हप्त्याने फेड असल्यामुळे पुढच्या महिन्यात एकदम मोठा खड्डा पडत नाही, आणि उसन्या पैशांपेक्षा ती बरी ठरते ती एवढ्याच कारणाने.

'स्पष्टवक्ता' यांचे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे, स्पष्टीकरण लांबवू नये. परंतु "माझ्याकडे नाहीत" हे उत्तर शेजारी बसणाऱ्या व्यक्तीला देऊ नये. चार दिवसांनी आपण काही नवीन वस्तू घेतली, रजा काढून कुठे जाऊन आलात, किंवा दुसऱ्या कोणाच्या वर्गणीला पैसे दिलेत, तर ते तिला दिसणारच आहे. मग नकारापेक्षा खोटे जास्त लागते. आणि ते सांभाळण्यासाठी आपल्यालाच स्वतःचे साधे खर्च लपवत वावरावे लागते.

दूरदृष्टी

माझ्या मते उसने पैसे देताना नेहमी लिखापढी करावी. मी माझ्या एका नातेवाइकाला घराच्या कामासाठी मोठी रक्कम दिली होती, तेव्हा साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि परतफेडीची मुदत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि दोन साक्षीदारही ठेवले. त्यामुळे पुढे वाद झाला नाही. आपणही तिच्याकडून असे लिहून घ्यावे, म्हणजे ती वेळेवर परत करील.

मृण्मयी_क

दूरदृष्टी, आपला सल्ला मोठ्या रकमेसाठी योग्य असेल, पण माझा प्रश्न परतफेडीच्या हमीचा नाही. मला यापुढे पैसे द्यायचेच नाहीत, आणि रोज शेजारी बसून काम तर करायचे आहे. पाचशेसाठी सह्या आणि साक्षीदार मागितले तर जे टाळायचे तेच घडेल.

वेतनपत्रक, तूट पुढे ढकलली जाते हे वाचून मी माझ्या फोनमधल्या नोंदी पाहिल्या. रकमा आणि तारखा आपण म्हणता तशाच सरकल्या आहेत.

सांजवेळ

मी इथे सहसा लिहीत नाही, पण या विषयात दुसऱ्या बाजूला उभा राहिलेलो आहे, म्हणून लिहितो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात घरची जबाबदारी एकट्यावर आली होती, आणि मी सहकाऱ्यांकडून असेच पाचशे-हजार घेत असे.

मागणाऱ्याला नकार कसा ऐकू येतो, हे मी सांगू शकतो. कोणी "या महिन्यात जरा अडचण आहे" म्हणाले की मी मनात त्यांचे नाव पुढच्या महिन्यासाठी ठेवत असे. त्यांना कदाचित कायमचा नकार द्यायचा असेल, पण माझ्यापर्यंत फक्त तारीख पोहोचत असे. कोणी "पाचशे नाहीत, दोनशे आहेत" म्हणाले तर मी पुढच्या वेळी त्यांच्याकडे दुप्पट मागत असे, म्हणजे निम्मे तरी मिळतील. हे मी ठरवून करत होतो असे नाही. गरज असली की माणूस वाक्यातला उघडा राहिलेला भाग बरोबर शोधतो.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मात्र मला एकदाच आणि वेगळ्या तऱ्हेने सांगितले. मी काही मागितलेले नसताना त्यांनी मला बाजूला बोलावले आणि म्हणाले, "मी कार्यालयात कोणाशीच पैशांची देवाणघेवाण ठेवत नाही. तू मागशील आणि मी नाही म्हणेन, तेव्हा आपल्या दोघांनाही वाईट वाटेल, म्हणून आधीच सांगतो." त्यानंतर लगेच ते कामाचे बोलू लागले. मला त्या दिवशी लाज वाटली, हे खरे आहे. पण सगळ्या कार्यालयात मी मोकळेपणाने बोलू शकत होतो तो त्यांच्याशीच, कारण त्यांच्यासमोर मी ना देणेकरी होतो, ना मागायला आलेला.

स्पष्टवक्ता

सांजवेळ यांचे लिहिणे वाचून माझ्या पहिल्या सल्ल्यात बदल करतो. "सध्या नाहीत" यातला "सध्या" काढला पाहिजे, हे पटले. परंतु कोणी मागितलेले नसताना स्वतःहून विषय काढणे मला अजूनही जरा आक्रमक वाटते. समोरच्याला वाटेल की आपल्याबद्दल मागे चर्चा झाली आहे.

मनोव्यापार

मी कार्यस्थळाच्या मानसशास्त्राचे अध्यापन करते. विषय आधी काढण्याच्या मुद्द्यावर थोडे लिहिते, कारण वेळेचा परिणाम शब्दांपेक्षा मोठा असतो.

फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांचे 2008 सालचे संशोधन या संदर्भात उपयोगी आहे. त्यात सहभागी व्यक्तींनी अनोळखी लोकांना लहानसहान मदत मागायची होती, आणि किती जण हो म्हणतील याचा अंदाज आधी बांधायचा होता. प्रत्यक्षात हो म्हणणारे अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. मागणाऱ्याला आपली मागणी किती महाग पडेल याचीच चिंता असते. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणे किती जड जाते, हे त्याच्या लक्षात येत नाही. पुढे 2017 साली याच संशोधिका, आता व्हॅनेसा बॉन्स या नावाने, महदी रोघनिझाद यांच्यासह ईमेलने केलेल्या आणि समोरासमोर केलेल्या विनंत्यांची तुलना करताना आढळतात. समोरासमोरची विनंती कितीतरी पटींनी अधिक मान्य झाली होती. हे प्रयोग अनोळखी लोकांवर झाले होते, त्यामुळे शेजारच्या टेबलाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी त्यातून दोन गोष्टी घेता येतात. मृण्मयी दर वेळी पैसे देते ती दुबळी आहे म्हणून नव्हे. निघतानाची, पर्स हातात असतानाची, माणसे मागे उभी असतानाची ती घडी नकारासाठी सर्वांत कठीण असते. आणि तिच्या सहकारीला बहुधा प्रामाणिकपणे वाटत असेल की हिला काही त्रास नाही, असता तर ही नाही म्हणाली असती.

म्हणून नकाराचे बोलणे त्या घडीतून बाहेर काढावे. पगार होऊन चार-पाच दिवस झालेले असावेत, जुन्या रकमेतले काही परत आलेले असावे, दोघीच असाव्यात आणि नंतर लगेच करण्यासारखे एखादे काम असावे. 'स्पष्टवक्ता' यांची शंका रास्त आहे. म्हणूनच बोलणे तिच्या वागण्याबद्दल न ठेवता स्वतःच्या निर्णयाबद्दल ठेवावे. "तू सारखी मागतेस" असे सुरू केले तर ती स्वतःचा बचाव करू लागेल, आणि मग कोणत्या महिन्यात किती घेतले याचा हिशेब सुरू होईल.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. आजवर दर वेळी मिळत आलेले अचानक मिळेनासे झाले की मागणी लगेच मंदावत नाही. काही काळ ती उलट वाढते किंवा तिचा प्रकार बदलतो. कारणे अधिक तातडीची होतात, निरोप फोनवर येतात. या टप्प्यात एकदा जरी "बरं, फक्त या वेळी" झाले तर पुढचे थांबवणे पहिल्यापेक्षा कठीण जाते. बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांपासून हे वारंवार दिसले आहे की कधी मिळते, कधी मिळत नाही अशा परिस्थितीत शिकलेले वर्तन, दर वेळी मिळत असताना शिकलेल्या वर्तनापेक्षा जास्त चिवट असते. माणूस म्हणजे प्रयोगातला प्राणी नव्हे, तरी अधूनमधून देणे हा मधला मार्ग दयाळू वाटला तरी तोच दोघींना जास्त दिवस अडकवतो, असे माझे मत आहे.

मृण्मयी_क

हे सगळे फार उपयोगी आहे. एक अडचण राहते. साडेतीन हजार येणे असताना "यापुढे देणार नाही" म्हटले, तर तिला त्याचा अर्थ "आधी माझे दे" असाच लागेल. आणि ती ते एकदम देऊ शकणार नाही. ते सोडून द्यावेत का?

स्पष्टवक्ता

मुळीच सोडू नयेत. आधी पूर्ण वसुली, मग नकार, हाच क्रम योग्य आहे. नकार आधी दिला तर तिला परत करण्याचे कारणच उरणार नाही, कारण पुढे काही मिळायचे नाही.

वेतनपत्रक

येथे मी उलट क्रम सुचवीन. पूर्ण वसुली होईपर्यंत थांबलात तर नकाराचा दिवस येणारच नाही, कारण पूर्ण परत करण्यासाठी तिला पुन्हा कोणाकडून तरी, बहुधा आपल्याकडूनच, घ्यावे लागेल. जुने आणि नवे हे दोन विषय वेगळे करावेत, आणि नव्याबाबत जितके ठाम राहायचे तितकेच जुन्याबाबत सैल व्हावे. "जुन्याची घाई नाही, दर पगाराला पाचशे देत जा" असे म्हणता येईल. सात महिन्यांत हिशेब पूर्ण होतो. तिच्या पुढच्या महिन्याला बसणारा धक्का पाचशेचाच राहतो, आणि तो ती सोसू शकते. शिवाय नकाराच्याच बोलण्यात सवलत दिल्यामुळे तो नकार शिक्षेसारखा वाटत नाही.

हप्ता पगाराच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच ठरवावा. पंधरा तारखेचा हप्ता म्हणजे न येणारा हप्ता, हे मी खात्रीने सांगतो. आणि आकडा एकदा दोघींनी मिळून मोकळेपणाने पाहून घ्यावा. लहान रकमांत दोन्ही बाजूंच्या आठवणी वेगळ्या असतात. आपण साडेतीन म्हणता, ती मनात अडीच धरून असेल. फरक निघाला तर तिचा आकडा मान्य करावा. पाचशे-हजारांच्या वादापेक्षा ते स्वस्त पडते.

स्पष्टवक्ता

तिचा आकडा मान्य करणे मला पटत नाही. आपल्याकडे नोंदी असताना आपण का माघार घ्यावी? बाकी हप्त्याची कल्पना चांगली आहे.

रानवाट_७

माझे प्रकरण थोडे वेगळे आहे, पण विचारतो. माझ्याकडे मागणारे माझे थेट वरिष्ठ आहेत. माझ्या रजा आणि वार्षिक मूल्यमापन त्यांच्याच हातात आहे. "मी देवाणघेवाण ठेवत नाही" हे वाक्य त्यांना कसे म्हणावे?

वेतनपत्रक

वाक्य तेच ठेवता येते, पण आपली परिस्थिती तीच नाही. समान पदावरची सहकारी मागते तेव्हा आपल्याला अवघडल्यासारखे होते. मूल्यमापन करणारा मागतो तेव्हा आपल्यावर दबाव असतो, मग त्याने कितीही नम्रपणे मागितलेले असो. अनेक संस्थांच्या आचारसंहितेत वरिष्ठाने हाताखालच्या कर्मचाऱ्याकडून पैसे घेण्यावर बंधन असते. आपल्या संस्थेचा नियम वाचून घ्यावा, मागण्यांच्या तारखा आणि निरोप जपून ठेवावेत, आणि एकदा नकार देऊनही मागणी आली तर मनुष्यबळ विभागाशी बोलावे. मृण्मयीताईंच्या प्रकरणात मी तिकडे जाण्याचा सल्ला देणार नाही. समान पदावरच्या व्यक्तीची आर्थिक अडचण विभागात चर्चेला नेली तर ती पुन्हा आपल्या शेजारी मोकळेपणाने बसू शकणार नाही.

मृण्मयी_क

पगारानंतर बोलणे झाले, म्हणून पुन्हा लिहिते आहे. दुपारी तपासणीचे काम सुरू होण्याआधी बैठकीच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. जमेल तसे शब्दशः लिहिते.

मी म्हणाले, "तुझ्याशी एक बोलायचं आहे, कामाचं नाही. मी ठरवलं आहे की ऑफिसमध्ये आता कोणाशीच उसन्या पैशांचा व्यवहार ठेवायचा नाही. तुला महिनाअखेरीला ऐन वेळी कळण्यापेक्षा आज सांगावंसं वाटलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने विचारले, "मी काही बुडवलं का तुझं?"

मी म्हणाले, "नाही. तू परत करतेस, ते मला माहीत आहे. जे राहिलंय त्याची घाईही नाही. दर पगाराला पाचशे दिलेस तरी चालेल. फक्त नवीन नको."

"किती राहिलेत?" असे तिने विचारले. मी साडेतीन म्हटले, तिच्या मते तीन होते. मी तीन मान्य केले. मग मी पगारावरील उचलीबद्दल विचारले, तेव्हा समजले की तिला हप्त्याने कपातीची सोय ठाऊकच नव्हती. उचल घेतली की सगळी रक्कम पुढच्याच पगारातून कापतात असा तिचा समज होता. आमच्याकडे ती सहा महिन्यांत कापून घेतात. त्यानंतर आम्ही तपासणीला बसलो. तिच्या नोंदीत दोन दुरुस्त्या निघाल्या आणि त्या मी त्याच दिवशी दाखवल्या. थांबले असते तर पुन्हा तेच सुरू झाले असते, असे वाटले.

मनोव्यापार यांनी सांगितल्याप्रमाणे महिनाअखेरीस निरोप आलाच. फोनवर होता, "शेवटचं, फक्त तीनशे, खूप अडलंय" असा. मी एवढेच लिहिले, "नाही गं, मी सांगितलं होतं तसंच. उद्या सकाळी तपासणी माझ्या टेबलावर करूया का?" तिने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, पण दिवसभर कामापुरतेच बोलली. तीन-चार दिवसांनी पुन्हा पूर्वीसारखी बोलू लागली. पुढच्या पगाराला पाचशे आले.

सांजवेळ

उत्तर न देणे आणि दिवसभर कमी बोलणे, हा राग होता असे समजू नये. नकारानंतर मीही त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांपासून काही दिवस दूर राहिलो होतो, ते त्यांच्या डोळ्यांत काही बदल झाला आहे का हे पाहायचे धैर्य नव्हते म्हणून. आपण दुसऱ्या दिवशीचे काम त्याच निरोपात ठरवलेत, त्याचा तिला नक्की आधार वाटला असेल.

मृण्मयी_क

आणखी एक गोष्ट घडली आहे आणि तिचे काय करावे हे मला कळत नाही. आमच्याकडे नुकताच रुजू झालेला एक मुलगा परवा मला सहज म्हणाला की ताईंनी त्याच्याकडून पाचशे घेतले आहेत. त्याचा हा पहिलाच पगार आहे. त्याला सावध करावे का?

स्पष्टवक्ता

अवश्य करावे. आपल्याला जे कळायला इतके दिवस लागले ते त्याला आजच कळेल. गप्प राहणे म्हणजे आपला भार त्याच्यावर ढकलणे आहे.

सांजवेळ

मी असहमत आहे. माझ्याबद्दल एकाने दुसऱ्याला "त्याला देऊ नकोस" असे सांगितल्याचे मला कळले, तेव्हा मी पैसे मागणे थांबवले नाही, फक्त त्या दोघांशी बोलणे थांबवले. तिने आपल्यासमोर अडचण मान्य केली आहे आणि हप्ताही दिला आहे. तिच्याबद्दल तिच्या मागे बोललात आणि ते तिच्या कानावर गेले, तर आजवर सांभाळलेले सगळे जाईल.

मनोव्यापार

तिचे नाव न घेता त्या मुलाला उत्तर देता येईल असे मला वाटते. त्याने स्वतःहून सांगितले आहे, म्हणजे त्यालाही बहुधा विचारायचे होते की इथे असे चालते का. "मी ऑफिसात कोणाशी पैशांचा व्यवहार ठेवत नाही, आणि तसं सांगितलं की कोणी वाईट वाटून घेत नाही" एवढे म्हटले तर त्याला नाही म्हणण्याची मुभा मिळते. नवख्या माणसाला नेमकी तीच नसते. परंतु सांजवेळ म्हणतात तो धोका यातही आहे. त्याने ते वाक्य तिच्यासमोर जसेच्या तसे म्हटले तर ते कोणाचे, हे तिला ओळखू येईल.

वेतनपत्रक

त्या मुलाशी काय बोलायचे ते आपण ठरवा, परंतु तिच्या उचलीच्या अर्जाचे पुढे काय झाले हे एकदा विचारून घ्यावे. तिने पाचशे दुसरीकडून घेतले याचा अर्थ बहुधा तो अर्ज झालेला नाही. पुष्कळ ठिकाणी तो ठरावीक तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि ती तारीख महिनाअखेरीच्या बरीच आधी असते. पैसे लागतात तेव्हा खिडकी बंद झालेली असते. तारीख पाहून तिला आठवण करता आली तर करावी.

मृण्मयी_क

आमच्याकडे ती दहा तारीख आहे, आज पाहिले. उद्या तिच्याबरोबर अर्ज घेऊन लेखा विभागात जाणार आहे. त्या मुलाशी बोलण्याबाबत अजून ठरलेले नाही.